आभाराचें ओझें

समजा, अंबरनाथच्या एखाद्या कारखान्यांतील बैठकींत माल उशिरा निघाल्याचा ठपका आपल्यावर येऊं लागला, तेव्हां सहकारी म्हणाला, "कच्चा माल न आल्याची चिठ्ठी यांनीं सोमवारींच दिली होती." आतां त्याचे आभार कसे मानावे? बदलापूरच्या गाडींत चारचौघांसमक्ष मानल्यास त्याचें सत्यकथन पक्षपात ठरतें. मिठाई दिल्यास तें ऋण होतें. आमच्या मतें दुसऱ्या दिवशीं फलाटावर, जरा बाजूस, एवढेंच म्हणावें: "काल तुम्हीं चिठ्ठीची आठवण करून दिलीत, म्हणून माझें म्हणणें ऐकलें गेलें. आभारी आहें." मग साहेबांची निंदा न करितां विषय बदलावा. तो आपल्यासाठीं नव्हे, खऱ्यासाठीं बोलला होता. उद्यां आपल्याविरुद्धही बोलण्यास तो मोकळा राहिला पाहिजे.