यादीतली एकच ओळ

आमच्या गेममधल्या राक्षसासाठी सहकारी ॲनिमेटरने दोन वार केले होते, एक हलका आणि एक दोन्ही हातांनी घालायचा जड. जड वारावर तिचे चार दिवस गेले होते. "दुसरा वार कुठे दिसतच नाही रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "युनिटीत तसं जमत नाही गं. एकच पुरे." हे मी शोध न घेताच बोललो, आणि तेही ठामपणे. हेच मनाला लागून राहिलंय.

सहा पात्रांना मी एकच ॲनिमेटर कंट्रोलर वापरत होतो. स्टेट, ट्रान्झिशन, पॅरामीटर मूळ कंट्रोलरमध्ये एकदाच मांडायचे आणि प्रत्येक पात्राला त्यावर बेतलेला ओव्हरराइड कंट्रोलर द्यायचा. त्यात मूळ क्लिपांची यादी दिसते. प्रत्येकीसमोर त्या पात्राची क्लिप ठेवायची. जागा रिकामी राहिली तर मूळ क्लिपच चालते. ही रीत मला आजही पटते.

चूक मूळ कंट्रोलरमध्ये होती, आणि ती माझी होती. त्यात सैनिक या पात्राच्या क्लिपा होत्या, पण सुरुवातीला त्याच्या जड वाराची क्लिप तयार नव्हती. म्हणून `LightAttack` आणि `HeavyAttack` या दोन्ही स्टेटना मी `Soldier_Slash` ही एकच क्लिप लावली आणि जड वाराचा स्पीड 0.7 केला. तात्पुरतं म्हणून केलेलं तसंच राहिलं. ओव्हरराइड कंट्रोलर स्टेटकडे पाहत नाही, क्लिपकडे पाहतो. दोन स्टेटमध्ये क्लिप एकच, म्हणून यादीतही ओळ एकच. तिच्या दुसऱ्या क्लिपला जागा मीच ठेवली नव्हती.

काल बसून दुरुस्त केलं. `Soldier_Slash`ची प्रत काढली, तिला `Soldier_Heavy` नाव दिलं आणि ती जड वाराच्या स्टेटला लावली. लगेच प्रत्येक ओव्हरराइडच्या यादीत नवी ओळ आली. राक्षसाची क्लिप तिथे ठेवली, तर 1.4 सेकंदांचा वार 2 सेकंद रेंगाळला. 0.7 हा स्पीड स्टेटचा होता, त्यामुळे तो सगळ्यांनाच लागू होत होता. तो 1 केला आणि गती मल्टिप्लायर पॅरामीटरवर सोपवली: राक्षसाला 1, बाकीच्यांना 0.7. उरलेल्या चार पात्रांच्या नव्या ओळी रिकाम्या होत्या, म्हणून ती जड वार करताना सैनिकासारखी हलू लागली. तिथे त्यांच्या आधीच्या क्लिपा पुन्हा भरल्या.

सगळं मिळून तासभर लागला. तिच्या चार दिवसांच्या कामासाठी हा एक तास मी महिनाभर काढला नव्हता.

जड वार आता दिसतो. तो आधी का दिसत नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी ती आली की आधी तेच सांगणार आहे.