नकाराची मुभा

1873 साली न्यायमूर्ती रानड्यांचा द्वितीय विवाह त्यांच्या वडिलांनी आग्रहाने घडवून आणला. वर एकतीस वर्षांचा, वधू रमाबाई अकरा वर्षांची, आणि खरी संमती दोघांपैकी एकाचीही नव्हती. तथापि घरातील स्त्रियांचा रोष पत्करून रानड्यांनी पत्नीस अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत शिकविले, आणि त्या नित्याच्या अध्यापनातून दोघांत जो विश्वास निर्माण झाला, त्याचे श्रेय मी त्या योजनेस नव्हे, त्या परिश्रमांस देतो.

आपल्या हर्सूलमध्येही स्थळ आले की मामा, आत्या चौकशीस निघतात. मुलाची नोकरी, व्यसन, घरचे कर्ज, सारे पारखले जाते, आणि पुढे संकटसमयी हीच माणसे धावून येतात. मात्र पोहे देऊन झाल्यावर मुलीने ‘नको’ म्हटले आणि घरात अबोला धरला गेला, तर तिच्या नंतरच्या होकारास संमती म्हणता येत नाही.

प्रेमविवाहात परिचय आधीच झालेला असतो. परंतु पगार कोणी सांभाळावा, वृद्ध आईवडिलांना कोणी पाहावे, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. असा विवाह 1954 च्या विशेष विवाह कायद्यान्वये करायचा असल्यास विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दाखल केल्यावर तीस दिवसांची मुदत असते. ती जाहीर नोटीस विरोधकांच्या हाती पडून जोडप्यास उपद्रव होतो, हे मला खटकते. तरी त्या मुदतीत हे व्यवहाराचे प्रश्न दोघांनी अवश्य बोलून घ्यावेत, आणि शक्य तेथे वडीलधाऱ्यांनाही त्या बोलण्यात बसवावे.