आधी फोड, मग प्रकार

‘मनोरथ’ आणि ‘महोत्सव’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. दोन्हींच्या मधोमध ओकार आहे आणि दोन्ही कानाला सारख्याच घडणीचे वाटतात. ‘खालीलपैकी विसर्गसंधीचे उदाहरण कोणते?’ या प्रश्नाखाली हे दोन्ही शब्द पर्याय म्हणून दिले, की तयारीचा विद्यार्थीसुद्धा क्षणभर अडतो. बहुतेक जण पाठ केलेल्या यादीतून उत्तर काढतात आणि यादीबाहेरचा शब्द आला की अंदाज बांधतात.

अडचणीचे मूळ असे, की संधीचा प्रकार जोडशब्दावर लिहिलेला नसतो. शब्द जोडण्याआधी पहिल्या पदाचा शेवटचा वर्ण आणि दुसऱ्या पदाचा पहिला वर्ण कोणता होता, यावरून तो ठरतो. दोन्ही स्वर असतील तर स्वरसंधी. पहिल्या पदाच्या शेवटी विसर्ग असेल तर, पुढे स्वर येवो की व्यंजन, विसर्गसंधी. दोहोंपैकी निदान एक व्यंजन असेल तर व्यंजनसंधी. म्हणजे ज्या दोन वर्णांवरून निवाडा करायचा, ते जोडशब्दात बहुधा बदललेले किंवा नाहीसे झालेले असतात. म्हणून फोड केल्याशिवाय प्रकार सांगणे हा निव्वळ तर्क ठरतो.

‘महोत्सव’ फोडला की ‘महा’ आणि ‘उत्सव’ मिळतात. आ आणि उ एकत्र येऊन ओ झाला, हा स्वरसंधीतला गुणादेश. ‘मनोरथ’ची फोड मात्र ‘मनः + रथ’. विसर्गामागे अ आहे, पुढे र हा मृदू वर्ण आहे, म्हणून विसर्गाचा उ होतो. मग अ आणि उ मिळून ओ होतो. गंमत अशी, की शेवटची पायरी दोन्हीकडे एकच आहे, ओकार गुणादेशानेच आला. तरी नाव वेगळे, कारण सुरुवातीला काय होते ते वेगळे.

फोड बरोबर आहे की नाही हे कसे ताडायचे? ती नियमाने पुन्हा जोडून पाहायची. ‘महोत्सव’ म्हणजे ‘महः + उत्सव’ असे कोणी म्हटले, तर जोडून बघावे. अ-नंतरच्या विसर्गापुढे अ सोडून दुसरा स्वर आला, की विसर्ग गळतो आणि पुढे काही जुळत नाही; ‘अतः + एव’चे ‘अतएव’ होते ते असेच. त्या नियमाने ‘महउत्सव’ झाले असते. ओकार निघत नाही, म्हणून फोड चूक.

रफाराची गोष्ट याहून फसवी. ‘निर्जन’, ‘महर्षी’, ‘पुनर्जन्म’ या तिन्ही शब्दांत रफार दिसतो. ‘निर्जन’मध्ये ‘निः + जन’ आहे. विसर्गामागे इ असल्यामुळे त्याचा र् झाला. ‘महर्षी’त विसर्गाचा मागमूसही नाही. ‘महा + ऋषी’, आ आणि ऋ मिळून अर्, म्हणजे निखळ स्वरसंधी. रफार दिसला की विसर्गसंधी, ही युक्ती येथे तोंडघशी पाडते.

‘पुनर्जन्म’ तर नियम पाठ असणाऱ्यालाच पेचात टाकतो. ‘पुनः + जन्म’ अशी फोड केली तर विसर्गामागे अ आणि पुढे ज हा मृदू वर्ण आहे. ‘मनोरथ’च्या नियमाने ‘पुनोजन्म’ व्हायला हवे होते. ते होत नाही, कारण दोन्ही विसर्ग दिसायला एक असले तरी त्यांचे मूळ एक नाही. ‘मनः’मधला विसर्ग मूळच्या स् चा आहे, ‘मनस्वी’त तो स् अजून ऐकू येतो, तसाच ‘यशस्वी’ आणि ‘तेजस्वी’तही. ‘पुनः’मधला विसर्ग मूळच्या र् चा आहे आणि ‘पुनरपि’त तो र् उघड दिसतो. ‘अंतः’चेही तसेच: ‘अंतरंग’, ‘अंतर्गत’. पुस्तकात हा ‘अपवाद’ म्हणून एका ओळीत संपतो, पण तो अपवाद नसून आधीच्या वर्णाची आठवण आहे.

याच शब्दावर मराठीने एक वळण घेतले आहे. विसर्गाच्या र् पुढे पुन्हा र आला, की पहिला र् गळतो आणि त्यामागचा स्वर दीर्घ होतो. ‘निः + रस’ म्हणजे ‘नीरस’, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्या हिशेबाने ‘पुनः + रचना’चे ‘पुनारचना’ व्हायला हवे. मराठीत मात्र ‘पुनर्रचना’च रुळली, 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा आपण याच नावाने ओळखतो. संस्कृत नियमाला धरून कोणी ‘पुनारचना’ लिहिले तर वाचक तो मुद्रणदोष समजेल.

नियमाची आणखी एक मर्यादा ‘स्वागत’ या शब्दात दिसते. ‘सु + आगत’ जोडले तर उ चा व् होऊन ‘स्वागत’ होते. ‘स्व + आगत’ जोडले तरी अ आणि आ मिळून ‘स्वागत’च होते. दोन्ही फोडी नियमात चोख बसतात. निवड अर्थाने होते: आलेल्याचे येणे चांगले मानणे हा भाव ‘सु’त आहे, ‘स्वतः आलेला’ हा अर्थ येथे लागत नाही. उलट ‘स्वल्प’मध्ये नियमच निकाल देतो. ‘स्व + अल्प’ असते तर ‘स्वाल्प’ झाले असते, म्हणून ‘सु + अल्प’. नियम फोडींची संख्या कमी करतो. उरलेल्यांतून निवडायला शब्दाचा अर्थ ठाऊक असावाच लागतो.

आतापर्यंतची सारी उदाहरणे तत्सम शब्दांची आहेत, आणि प्रश्नपत्रिकांतही बहुधा तीच असतात. पण मराठी स्वतःही संधी करते, आणि निराळ्या रीतीने करते. ‘एक + एक’चे संस्कृतात ‘एकैक’ होते. मराठी पहिला अ सरळ गाळते आणि ‘एकेक’ म्हणते. ‘घर + ई’चे ‘घरी’ होते ते याच रीतीने. याला पररूप संधी म्हणतात. ‘नाही + असा’मध्ये दुसरा स्वर गळून ‘नाहीसा’ होते, ती पूर्वरूप संधी. आणि ‘जिल्हाधिकारी’ पाहा: ‘जिल्हा’ अरबी मुळाचा, ‘अधिकारी’ संस्कृत, आणि सांधा दीर्घत्वाच्या नियमाने बेमालूम. तोच नियम ‘पोलीस अधिकारी’ला लावून ‘पोलिसाधिकारी’ करायला मात्र मराठी तयार नाही. कुठे सांधायचे आणि कुठे सुटे ठेवायचे, हे वापर ठरवतो.

तेव्हा परीक्षार्थींनी क्रम उलटा करू नये: आधी अर्थ लागेल अशी फोड, मग ती नियमाने जोडून पडताळणी, आणि सर्वांत शेवटी प्रकाराचे नाव. प्रश्न काढणाऱ्यांनीही एवढे करावे. नुसता प्रकार विचारला की पाठांतर तपासले जाते. ‘मनोरथ’ आणि ‘पुनर्जन्म’ शेजारी देऊन एकात ओ आणि दुसऱ्यात र् का, असे विचारले तर व्याकरण तपासले जाईल.