वाया गेलेले मत

माझी आत्या बडोद्याला राहते. एका निवडणुकीच्या संध्याकाळी बोटावरची शाई पुसायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "आवडला होता त्याला नाही गं दिलं. तो येणार नाही हे दिसतच होतं, मग मत कशाला वाया घालवायचं? पण परत येताना खोटं बोलून आल्यासारखं वाटत होतं."

त्या दिवसांत मी न्यूझीलंडच्या निवडणूक पद्धतीवरच्या एका लेखाचा अनुवाद करत होते. मी साहित्याची विद्यार्थिनी. राज्यशास्त्रात शिरले ती अनुवादाच्या दारानेच. पण आत्याच्या मनातली ती टोचणी मला त्या लेखात जागोजागी भेटू लागली. मत मागताना आपल्याला मनातले खरे सांगायला बोलावले जाते. मग ते सांगणे 'वाया' कसे जाते? आणि तसे ठरवणारे कोण?

फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युवर्जे यांनी 1951 साली पक्षांवरच्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दोन पायऱ्यांत दिले. पहिली पायरी गणिताची. मतदारसंघात एकच जागा असते आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. बाकीच्यांची मते कितीही असोत, त्यांना काहीच मिळत नाही. दुसरी पायरी मनाची. हे गणित एकदा कळले की तिसऱ्या पक्षाचा मतदार पहिल्या दोघांतला कमी नावडता निवडू लागतो. पैसा देणारे आणि उमेदवारीसाठी धडपडणारेही मग त्या दोघांकडेच वळतात. पक्षपद्धत दोन पक्षांवर येऊन थांबते ती अशी. माझी आत्या ही द्युवर्जेंची दुसरी पायरी होती.

न्यूझीलंडमध्ये हे फार स्पष्ट दिसले. 1978 साली तिथल्या लेबर पक्षाला देशभरात नॅशनल पक्षापेक्षा जास्त मते पडली, पण 92 पैकी जागा मिळाल्या 40. नॅशनलला 51 मिळाल्या आणि सरकार त्यांचे झाले. 1981 मध्ये पुन्हा तेच घडले. त्याच वर्षी सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला 20.7 टक्के मते मिळाली, म्हणजे दर पाच मतदारांमागे एकाचे मत, आणि जागा फक्त दोन. त्यांचे मतदार देशभर विखुरलेले होते. सगळीकडे होते, म्हणूनच कुठेच पुरेसे नव्हते.

लोकांची नाराजी साचत गेली. 1986 साली एका शाही आयोगाने पद्धत बदलण्याची शिफारस केली. 1993 च्या सार्वमतात सुमारे 54 टक्के मतदारांनी बदलाला होकार दिला आणि 1996 ची निवडणूक नव्या, मिश्र प्रमाणशीर पद्धतीने झाली. तिच्यात मतदार दोन मते देतो : एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. संसदेत पक्षाला एकूण जागा किती, हे दुसऱ्या मतावर ठरते. 1996 मध्ये एसीटी या छोट्या पक्षाला 6.1 टक्के पक्षमते मिळाली. 120 च्या सभागृहात त्या हिशेबाने त्याच्या वाट्याला आठ जागा आल्या. मतदारसंघ त्याने एकच जिंकला होता, म्हणून उरलेले सात जण पक्षाच्या यादीतून आले. मात्र ज्याला पाच टक्के मते नाहीत आणि एकही मतदारसंघ नाही, त्याला काही मिळत नाही. ख्रिश्चन कोअलिशन या आघाडीला 4.3 टक्के मते पडली आणि ती बाहेर राहिली. म्हणजे वाया जाणे संपले नाही. त्याची रेघ तेवढी खाली सरकली, आणि ती सर्वांना आधीच ठाऊक होती.

सभागृहात दोन मोठ्या पक्षांसोबत आणखी चार पक्ष बसले. बहुमत कुणालाच नव्हते. नॅशनलकडे 44 जागा, लेबरकडे 37, आणि न्यूझीलंड फर्स्टकडे 17. सुमारे दोन महिने वाटाघाटी चालल्या. न्यूझीलंड फर्स्टला मत देणाऱ्या अनेकांना नॅशनलचे सरकार घालवायचे होते. पाचही माओरी जागा त्या पक्षाने जिंकल्या होत्या. शेवटी तो नॅशनलबरोबरच गेला. 44 आणि 17 मिळून 61, बरोबर एकाने बहुमत. 1998 मध्ये ती युतीही मोडली.

इथे मी अनुवाद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. तेरा टक्के मतांच्या पक्षाने सरकार कुणाचे हे ठरवावे, हा न्याय कसा? संविधान सभेत 1949 साली काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर पद्धतीची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारण्याचे एक कारण हेच दिले होते : सभागृह लहान लहान गटांत फुटेल आणि सरकार टिकणार नाही. ही भीती पोकळ नव्हती.

पण आपल्याकडच्या पद्धतीनेही दोन पक्ष दिले नाहीत. 2014 च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून थोडी जास्त मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. अण्णा द्रमुकला त्याहून कमी, सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि जागा 37, कारण ती मते एका तामिळनाडूत एकवटलेली होती. द्युवर्जेंचा नियम मतदारसंघाच्या आत काम करतो. प्रत्येक राज्यात लढणारे दोघे वेगळे असतील, तर दिल्लीत अनेक पक्ष जमतात. ही पद्धत लहान पक्षाला शिक्षा करत नाही, विखुरलेल्या पक्षाला करते. एका प्रदेशात राहणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो. देशभर थोडे थोडे पसरलेल्यांचा, मग ते एखाद्या विचाराने एकत्र असोत की एखाद्या दुःखाने, तो येत नाही.

म्हणून 'स्थैर्य की न्याय' असा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. तडजोड दोन्हीकडे आहे. ती कोण करतो आणि कुठे, एवढाच फरक. आपल्या पद्धतीत ती मतदार एकटा करतो, मतदान यंत्रापुढे, कुणाला न सांगता. नंतर मोजणीत ती दिसतही नाही, कारण त्याचे मत मनापासून दिल्यासारखेच मोजले जाते. प्रमाणशीर पद्धतीत मतदार खरे सांगतो आणि तडजोड त्याचा प्रतिनिधी करतो, उघडपणे, नावानिशी. ती फसवणूक निघाली तर शिक्षा करता येते. 1999 मध्ये न्यूझीलंड फर्स्टची मते 4.3 टक्क्यांवर आली. एका मतदारसंघातल्या निसटत्या विजयामुळेच तो पक्ष संसदेत उरला. आणि 2011 मध्ये पुन्हा विचारले तेव्हा सुमारे 58 टक्के लोकांनी नवी पद्धतच राखली.

अनुवादातही काहीतरी गळतेच, हे मी रोज पाहते. पण काय गळले हे मूळ शेजारी ठेवून दाखवता आले पाहिजे. आत्याचे मूळ कुठेच नोंदलेले नाही. तिला जो आवडला होता, त्याला पडलेल्या मतांत ती नाही. तिच्यासारख्या किती जणी होत्या, हे त्यालाही कधी कळणार नाही.