निम्मे-निम्मे म्हणजे किती?

सर्पदंशावर मराठीत पुस्तक लिहिणारे दोघे समोर बसले होते. डॉक्टर सत्तरीकडे झुकलेले, कोकणातल्या तालुक्याच्या गावी सापाने चावलेली माणसं बघण्यात आयुष्य गेलेलं. लेखिका चाळिशीच्या आतली, पत्रकार. हस्तलिखित तयार होतं, आपसातल्या करारात टक्केवारीची जागा कोरी होती. पंच म्हणून मला बोलावलं होतं.

लेखिका : सगळं पुस्तक मी लिहिलंय, डॉक्टर. सत्तर-तीस मागितलं तर वावगं काय?

डॉक्टर : लिहिलंस तू, मान्य. पण मण्यारीचं पान आठव. सगळ्या विषारी सापांना मिळून ‘चावल्या जागी सूज येते’ असं एकच वाक्य केलं होतंस. मण्यार चावली तर पुष्कळदा सूज नसते, दुखतही नाही. ते वाचून कुणी ‘सूज नाही, म्हणजे काही नाही’ म्हणत घरीच झोपला असता. ‘मण्यार सोडून’ एवढे दोनच शब्द मी घातले. त्यांची टक्केवारी काढ बघू.

लेखिका : आणि तुमच्या वहीत काय होतं? ‘स्त्री, 42, फुरसे, हिरड्यांतून रक्त, 20 मिनिटांनी रक्त गोठलेले नाही.’ एवढ्यावरून प्रकरण उभं राहावं म्हणून मी त्या बाईंच्या घरी जाऊन राहिले. नुसती वही कुणी विकत घेतली असती?

दोघांचंही खरं होतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यातही संयुक्त लेखनाची खूण हीच आहे, की एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. मी त्यांना मौलाना आझादांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ची हकीकत सांगितली. मौलाना उर्दूत बोलत, हुमायून कबीर टिपणं घेऊन इंग्रजी मसुदा करत, मौलाना तो तपासत. 1959 साली पुस्तक आलं ते मौलानांचं आत्मकथन म्हणून. तीस वर्षं मोहरबंद राहिलेली पानं छापायची वेळ आली, तेव्हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने प्रथमदर्शनी दोघांनाही लेखक मानलं.

लेखिका : म्हणजे मुखपृष्ठावर दोन नावं. पण पैशांचं काय?

डॉक्टर : तिथे कायदा टक्केवारी ठरवून देत नाही. ते आपणच बघायचं. किंमत 400, आपल्याला दहा टक्के, हजार प्रती खपल्या तर 40 हजार. तुझा प्रवासखर्च 12 हजार झाला. सत्तर-तीसने तुला 28 हजार मिळतील, खर्च जाऊन 16. मला 12. त्याऐवजी खर्च आधी तुला देऊन टाकू, उरलेले 28 निम्मे करू. दोघांनाही 14.

लेखिका : माझे दोन हजार गेलेच की!

डॉक्टर : पहिल्या आवृत्तीत गेले. पण दुसऱ्या आवृत्तीला प्रवास नाही. तेव्हाही तू 28 घेणार आणि मी 12? खर्च एकदाच होतो, टक्केवारी मात्र कायमची चिकटते. लिहिण्याचे कष्टही तसेच. त्यांचं वेगळं मानधन पहिल्या आवृत्तीतून उचल.

लेखिका : आणि मग मी झाले कामापुरती बाई, लेखक तुम्ही. माझे कष्ट एकदाच झाले म्हणता, तर तुमची वही तरी कुठे रोज लिहिली जातेय? तीही केव्हाच लिहून झाली. त्या कामाचे पैसे तेव्हा मिळालेच होते तुम्हाला.

डॉक्टर यावर बराच वेळ गप्प होते. माझ्या मते सगळ्या बोलण्यातला हा सर्वांत वजनदार मुद्दा होता. जुन्या कष्टांना आपण अनुभव म्हणतो आणि त्याचा वाटा कायमचा धरतो. नव्या कष्टांना मजुरी म्हणून मोकळे होतो.

डॉक्टर : बरं. खर्च आधी, मग तुझं मानधन, आणि तरीही उरलेलं निम्मं-निम्मं. पण पुढच्या आवृत्तीत उपचार बदलले म्हणून जो पानं दुरुस्त करेल, त्यानेही आधी मानधन घ्यायचं. तो मीच असेन बहुतेक.

लेखिका : आणि नावं?

डॉक्टर : तुझं आधी. चूक निघाली तर मात्र उत्तर द्यायला मी, हे प्रस्तावनेत छापायचं.

मग वारसांचा विषय निघाला. संयुक्त पुस्तकाचा हक्क मागे राहिलेल्या लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, हे मी सांगितलं. लेखिका शंभरीला पोचली, तर डॉक्टरांच्या पतवंडांनाही पैसे मिळत राहतील.

लेखिका : पैसे मिळोत. पण तुमच्यामागे औषधाची मात्रा बदलली आणि वारसांनी पान बदलायला संमतीच दिली नाही तर?

डॉक्टर : संमती आत्ताच लिहून देतो. दुरुस्ती कुणातरी सर्पदंशाच्या डॉक्टरकडून करून घ्यायची, एवढीच अट.

लेखिका : त्याचं मानधनही आधी काढायचं?

डॉक्टर : अर्थात.

लेखिका : आणि तो डॉक्टर निवडायचा कुणी? मी, की तुमच्या मुलांनी?

ते कलम त्या दिवशी कोरंच राहिलं. बाकीच्यांवर सह्या झाल्या.