संदेशामागील नियत

विभक्त झालेल्या जोडीदाराला लिहिलेल्या पुष्कळ संदेशांत मागणे काहीच नसते. वाचणाऱ्याच्या मनाला टोचणी लागावी, त्याची एक रात्र अस्वस्थतेत जावी, एवढाच त्यांचा हेतू असतो. गंमत अशी, की असे संदेश दिसायला फार सौम्य असतात. त्यांत शिवी नसते, धमकी नसते. उलट शेवटी बहुधा दुआच असते.

संगमनेरात मराठी लिहिणारा इमाम म्हटला की अर्जापासून पत्रापर्यंत सारे त्याच्याकडे येते. तपशील बदलून एक प्रसंग सांगतो. खुला होऊन वर्ष उलटलेल्या एका तरुणाने मोबाईलमधील मजकूर 'भाषा नीट करून द्या' म्हणून पुढे केला. तू गेल्यापासून अम्मीने अंथरूण धरले, दुकानात लक्ष लागत नाही, रात्री झोप नाही. मला तुझ्याकडून काही नको, अल्लाह तुला सुखी ठेवो, असा तो मजकूर होता. भाषेत दोष नव्हता. मी एवढेच विचारले, "हे वाचून ती रडली, तर उद्या सकाळी तुझ्या आयुष्यात काय बदलेल?" तो बराच वेळ गप्प राहिला.

अशा वेळी 'सब्र कर' म्हणून उठवून देणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला बोलण्याची मुभा पवित्र कुरआननेच ठेवली आहे (४:१४८). महर थकला असेल, लग्नातील सामान अडकले असेल, तर ते स्पष्ट मागावे. तो हक्क आहे. परंतु हक्क मागणे वेगळे आणि केलेल्या उपकारांची आठवण देऊन मन दुखावणे वेगळे. दानासारखे सत्कर्मही उपकार बोलून दाखविल्याने वाया जाते, असे सूरह बकरह बजावते (२:२६४). संसारात केलेले कष्ट जेव्हा टोमणा म्हणून मोजून दाखविले जातात, तेव्हा त्यांचीही गत याहून वेगळी काय होणार? आणि दुआ तर ऐकणारा अल्लाह आहे; तिला माणसावर फेकायचा खडा करणे मला सर्वांत खटकते.

ह. बरीरा (रजि.) आणि ह. मुगीस (रजि.) यांची हकीकत सहीह बुखारीत आहे. दास्यातून मुक्त झाल्यावर बरीरा यांना पतीपासून वेगळे होण्याचा अधिकार मिळाला व त्यांनी तो वापरला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत. आसवांनी दाढी भिजे. प्रेषितांना (स.) त्यांची दया आली. त्यांनी बरीरा यांना परत जाण्याविषयी सुचविले. ही आज्ञा आहे काय, असे बरीरा यांनी विचारले. आपण केवळ शिफारस करीत आहोत, असे उत्तर मिळताच त्यांनी नकार दिला आणि तो नकार मान्य झाला. मुगीस यांचे दुःख खरे होते, त्याची कोणी थट्टा केली नाही. पण ते दुःख बरीरा यांच्यावरचे कर्ज ठरले नाही. विशेष म्हणजे प्रेषितांनी (स.) जे सुचविले ते उघड होते, आणि त्याला 'नाही' म्हणता येत होते. टोचणी देणाऱ्या संदेशाला 'नाही' म्हणण्याची सोयच नसते, कारण त्यात काही विचारलेलेच नसते.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटले, ती 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेल असे एक वाक्य सांग. आधी तो म्हणाला, तिने चूक कबूल करावी. मग म्हणाला, परत यावी. ते होणार नाही हे त्यालाही ठाऊक होते. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "ईदला मुलगा भेटला नाही." सहा वर्षांचा मुलगा आईकडे होता. सारा मजकूर या एका वाक्याभोवती फिरत होता आणि नेमके तेच त्यात नव्हते.

मूल हे आईला किंवा बापाला त्रास देण्याचे साधन होऊ नये, हा दंडक २:२३३ मध्ये दोघांनाही लागू केला आहे. मागणे योग्य होते. प्रश्न मार्गाचा होता. खुला झालेल्या स्त्रीशी रात्री-अपरात्री मोबाईलवर बोलणे उचित नव्हे, म्हणून संदेश तिच्या भावाच्या नावे लिहिला: दर शुक्रवारी जुमाच्या नमाजनंतर दोन तास मुलगा भेटावा, ने-आण मी करीन, वेळ सोयीची नसेल तर दुसरी सांगावी. नकार आला तर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना बसविता येते; तेही न जमल्यास न्यायालयात भेटीसाठी अर्ज करता येतो.

झोपेचे आणि दुकानाचे वाक्य त्याने स्वतःच काढले. अम्मीच्या आजाराचे वाक्य मात्र त्याला ठेवायचे होते. मी म्हटले, ठेव, पण 'तू गेल्यापासून' हे शब्द काढ आणि पुढे लिही, की तिला नातवाला पाहायचे आहे.