पाच रुपयांचा प्रश्न

‘१ जुलै १९९८ रोजी महाराष्ट्रात कोणता जिल्हा अस्तित्वात आला?’ असा प्रश्न आणि खाली वाशीम, हिंगोली, गोंदिया, नंदुरबार असे चार पर्याय. भरतीची तयारी करणारा रिसोडचा किंवा मानोऱ्याचा मुलगा सराव चाचणीत हा प्रश्न पाहून डोळे झाकून वाशीमवर खूण करील. शहाद्याचा मुलगा तितक्याच खात्रीने नंदुरबारवर करील. दोघेही बरोबर आहेत, कारण त्या एकाच दिवशी अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. चाचणी मात्र दोघांपैकी एकाचे गुण कापणार. असा प्रश्न तयार कसा होतो हे ओळखणे अवघड नाही. लिहिणाऱ्याजवळ आधी ‘वाशीम जिल्हा कधी निर्माण झाला?’ हा सरळ प्रश्न असतो. तो उलटा केला की त्याच माहितीवर दुसरा प्रश्न मिळतो आणि प्रश्नागणिक पैसे मिळत असतील तर दुसरे मानधनही. उलटवताना उत्तर एकच राहते का, हे पाहायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. सराव चाचण्यांमधल्या चुकांचे खापर लेखकाच्या अज्ञानावर किंवा आळसावर फोडले जाते. मला ते पटत नाही. दोष मोजमापाच्या एककात आहे: आपण प्रश्न विकत घेतो आणि त्याची तपासणी फुकट मिळेल असे गृहीत धरतो.

तो सरळ प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. ‘वाशीम जिल्हा कधी निर्माण झाला?’ असे नुसते विचारले, तर इतिहास वाचलेला विद्यार्थी अडखळेल. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात ‘बासीम’ नावाचा जिल्हा होताच. १९०५ मध्ये तो मोडला, वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. म्हणजे १९९८ साली जिल्हा पहिल्यांदा झाला असे म्हणता येत नाही. प्रश्नात ‘अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन’ एवढे शब्द घातले की वाद मिटतो. मग चुकीचे पर्याय. ते मनाला येतील त्या तारखांचे असून चालत नाहीत. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली, १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला. या तीन तारखा दिल्या तर प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या तरी जिल्ह्याची खरी जन्मतारीख असतो, आणि गोंधळलेला विद्यार्थी नेमका कुठे गोंधळला तेही कळते. त्याऐवजी एखादा पर्याय ‘१५ ऑगस्ट १९४७’ असा भरला, तर तो कोणीच निवडत नाही आणि प्रश्न प्रत्यक्षात तीनच पर्यायांचा उरतो. हे नुकसान मोजता येते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश वजा होतात. चारही पर्याय जिवंत असतील तर आंधळा अंदाज मारून सरासरी एक सोळांश प्रश्नाइतकाच फायदा होतो. एक पर्याय मेलेला असला की तोच फायदा एक षष्ठांशावर जातो. अशा प्रश्नांवर सराव केलेला मुलगा परीक्षेत अंदाज मारण्याची सवय घेऊन जातो, आणि तिथले पर्याय मात्र जिवंत असतात.

विषयतपासणी म्हणजे शुद्धलेखन पाहणे, असा समज सर्रास आहे. वाशीमचेच आणखी एक उदाहरण घेऊ. वाशीम हे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचे राजधानीचे ठिकाण. १९३९ साली तिथे सापडलेल्या ताम्रपटात दान देणाऱ्या राजाचे नाव विंध्यशक्ती आहे. त्याला आपण विंध्यशक्ती दुसरा म्हणतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हाच राजा विंध्यसेन या नावाने येतो. ‘सर्वसेनानंतर वत्सगुल्म शाखेचा राजा कोण?’ या प्रश्नाखाली एखाद्याने विंध्यशक्ती दुसरा आणि विंध्यसेन हे दोन वेगळे पर्याय दिले, तर भाषा तपासणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसणार नाही. दिसेल ते फक्त विषय जाणणाऱ्याला, आणि तेही त्याला उत्तर आधी सांगितलेले नसेल तरच. उत्तर समोर असले की डोळा त्याला होकार देत पुढे जातो. म्हणून तपासनिसाच्या हाती उत्तराविना प्रश्न द्यावा, त्याने तो स्वतः सोडवावा, आणि लेखकाच्या उत्तराशी त्याचे उत्तर जुळले नाही तर प्रश्न बाजूला काढावा. ही पद्धत जुनी आणि साधी आहे. खर्चिक आहे एवढेच, कारण एका प्रश्नासाठी दोन डोकी बसवावी लागतात.

प्रश्न कोणत्या साच्यात द्यायचा, हा भाग तांत्रिक म्हणून दुर्लक्षिला जातो, पण चुका शिरण्याची दुसरी वाट तीच आहे. बहुतेक ठिकाणी एक्सेलचा तक्ता मागतात: प्रश्न, चार पर्याय, बरोबर पर्यायाचे अक्षर, स्पष्टीकरण, घटक, काठिण्यपातळी. गणिताच्या प्रश्नात 1/2 असा पर्याय टंकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केलेला नसेल तर अर्ध्याचा एक फेब्रुवारी होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता चढवला तर विद्यार्थ्याला अगम्य चिन्हे दिसतात. मूडलसारख्या प्रणालीत चढवायला एकेन नावाचा साचा चालतो आणि तो कमालीचा साधा आहे:

```
अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा कधी निर्माण झाला?
A. २६ ऑगस्ट १९८२
B. १ जुलै १९९८
C. १ मे १९९९
D. १ ऑगस्ट २०१४
ANSWER: B
```

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली की काम झाले. पण साध्या साच्याचीही किंमत मोजावी लागते. संगणकाने पर्यायांचा क्रम बदलला की ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय सगळ्यांत वरही येऊन बसू शकतो, आणि ‘अ आणि ब दोन्ही’ याला तर अर्थच उरत नाही. म्हणून क्रम बदलणाऱ्या चाचणीसाठी असे पर्याय लिहूच नयेत. खरी उणीव मात्र वेगळी आहे. वरच्या साच्यात आधार लिहायला जागा नाही, आणि अनेक तक्त्यांतही नसते. उत्तर कोणत्या पुस्तकातून, कोणत्या अधिसूचनेतून घेतले, केव्हा पाहिले, हे नोंदवायचे कुठे? जिल्ह्यांची नावे बदलतात. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची अधिकृत नावे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत. लोकसंख्येचा प्रश्न ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ या शब्दांवाचून अपुरा असतो. आधाराचा आणि तारखेचा रकाना नसेल, तर जुना प्रश्नसंच पुन्हा तपासायचा म्हणजे सगळा नव्याने लिहायचा.

आता दराकडे येऊ. प्रश्नाचे दर संस्थेगणिक, विषयागणिक बदलतात आणि सहसा जाहीर नसतात, म्हणून हिशेबापुरते पाच रुपये धरू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. पाच रुपये दराने तेवढे मिळवायला त्रेसष्ट प्रश्न लिहावे लागतात. आठ तासांत ते बसवायचे तर एका प्रश्नाला साडेसात मिनिटे येतात, आणि त्यात टंकलेखन, चार पर्याय, स्पष्टीकरण सगळे आले. वर पाहिलेला तारखेचा प्रश्न नीट घडवायला वीस मिनिटे लागली, तर दिवसभरात चोवीस प्रश्न होतील आणि हाती एकशेवीस रुपये पडतील. काळजीने लिहिणाऱ्याला काळजीचा दंड बसतो. जुन्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न उचलून आकडा बदलणे, एकाच माहितीचे चार प्रश्न करणे, ‘वरीलपैकी सर्व’ने चौथी जागा भरणे, हे सगळे या हिशेबातून आपोआप निघते. त्यात ‘मंजूर प्रश्नांचेच पैसे’ ही अट असली, तर नामंजुरीचा धोकाही लेखकाच्याच माथी. वाशीममधला एखादा पदवीधर अभ्यासिकेतून उठून घरी हे काम करील तेव्हा त्याने यापेक्षा वेगळे वागावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की सराव तो सरावच. चूक झाली म्हणून कोणाची नोकरी जात नाही. खरे तर उलट आहे: प्रत्यक्ष परीक्षेत चुकीविरुद्ध दाद मागता येते, सरावात येत नाही. लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, उमेदवार पुराव्यासह हरकती घेतात आणि अंतिम उत्तरतालिकेत उत्तरे बदलतात, प्रश्न रद्दही होतात. सराव चाचणीत चुकलेले उत्तर मात्र पाठ होऊन बसते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विद्यार्थी चाचणीमालेला मोजके पैसे देतो, मग जास्त दर परवडायचा कसा? इथे आकडेमोड करून पाहावी. शंभर प्रश्नांच्या चाचणीत लेखकाला प्रश्नाला पंचवीस आणि स्वतंत्र तपासनिसाला पंधरा रुपये दिले, तर खर्च चार हजार येतो. ती चाचणी दोन हजार मुलांनी दिली तर डोई दोन रुपये. शिवाय प्रश्न एकदा वापरून संपत नाही. विद्यार्थी मोजके असलेल्या छोट्या संस्थेला हे जड जाईल, हे मान्य; तिने पाच हजार प्रश्नांची जाहिरात करण्याऐवजी पाचशे तपासलेले प्रश्न द्यावेत. तिसरा आक्षेप म्हणजे दर वाढला की काम कमी लोकांना मिळेल. लेखकांना कमी मिळेल हे खरे, पण तपासनिसाचे काम नव्याने निर्माण होईल आणि ते विषयाच्या शिक्षकाला साजेसे असेल.

नुसता दर वाढवूनही भागणार नाही, कारण पंचवीस रुपयांतही घाई करता येते. तपासनिसालाही प्रश्नागणिक पैसे दिले की तोही भराभर खुणा करणार. म्हणून मानधनाचा एक हिस्सा वापरानंतरसाठी राखावा. कोणत्या पर्यायावर किती मुलांनी खूण केली, याची नोंद चाचणी चालवणाऱ्याकडे आपोआप जमते. एखादा पर्याय शंभरात पाच जणांनीही निवडला नसेल तर तो मेलेला आहे. चाचणीत वरचे गुण मिळवणारी मुले एखाद्या प्रश्नात खालच्या मुलांपेक्षा जास्त चुकत असतील तर बहुधा उत्तरतालिकाच चुकलेली असते. सुरुवातीच्या वाशीम-नंदुरबारच्या प्रश्नात हुशार मुले दोन उत्तरांत विभागलेली दिसतील, आणि तेवढ्यावरून तो पकडता येईल. मुले मोजकी असतील तर हे आकडे फसवे ठरतात, म्हणून आधीची तपासणी टळत नाही. राखलेला हिस्सा या नोंदी पाहून द्यावा आणि त्या नोंदी लेखकालाही दाखवाव्यात. आपला कोणता पर्याय मेला हे कळल्याशिवाय पुढचा प्रश्न सुधारत नाही.

तोवर हे काम घेणाऱ्यांनी दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: आधाराचा रकाना आहे का, उत्तर न पाहता प्रश्न सोडवणारा माणूस कोण आहे, आणि त्याला पैसे मिळतात का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोहोंचे उत्तर काहीही आले तरी ते काम नाकारावे.